मुदत संपण्याआधी

आमच्या वेबसाइटला दोन मुदती आहेत. पहिली नावाची, म्हणजे डोमेनची, जी वर्षाला एकदा पैसे भरून वाढवावी लागते. दुसरी सर्टिफिकेटची, जी नव्वद दिवसांची असते आणि फुकट असते, पण कुणीतरी ती वेळेवर बदलावी लागते. याखेरीज तिसरी एक गोष्ट आहे जिला मुदत नसते, पण जी कधीही न सांगता बदलू शकते. ती म्हणजे डीएनएसमधल्या नोंदी: हे नाव कोणत्या मशीनवर आहे, टपाल कुठे जायचे, याचा तक्ता. (मुदत, तारीख, दस्तऐवज हे सगळे शब्द मराठीत फारसी-उर्दूच्या वाटेने आले. वर्गात हे सांगितले की मुले हसतात, कारण घरी आणि सातबाऱ्यावर दोन्हीकडे तेच शब्द असतात.)

वेबसाइट लहानच आहे. उर्दू माध्यमाच्या मुलांसाठी मराठी शब्दांची यादी, जुन्या प्रश्नपत्रिका, शिष्यवृत्तीच्या अर्जाची माहिती. सांभाळणारे आम्ही तिघे. मी मजकूर लिहितो. शाळेतल्या कॉम्प्युटरच्या मॅडम फाइली चढवतात. माझा एक जुना विद्यार्थी, जो आता पुण्यात नोकरी करतो, सर्व्हर बघतो, तेही रात्री जेवण झाल्यावर. पगारी माणूस कुणी नाही. अशा टीमची अडचण एकच असते: काही बिघडले तर ते आधी आपल्याला कळत नाही, पालकांना कळते. आणि पालक आपल्याला कळवत नाहीत, ते परत येतच नाहीत.

सर्टिफिकेट म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. ब्राउझर वेबसाइटला विचारतो, तू तीच आहेस का? वेबसाइट एक दाखला पुढे करते. त्यावर नाव असते, देणाऱ्या संस्थेची सही असते आणि शेवटची तारीख असते. तारीख उलटली की ब्राउझर पान दाखवण्याऐवजी धोक्याची सूचना दाखवतो. साइट चालू असते, सर्व्हर ठणठणीत असतो, तरी सामान्य माणसासाठी ती बंद. हे फक्त लहानांचेच होते असे नाही. ३ फेब्रुवारी २०२० रोजी मायक्रोसॉफ्टची टीम्स सेवा काही तास बंद पडली, कारण एका सर्टिफिकेटची मुदत संपली होती. डिसेंबर २०१८ मध्ये ब्रिटनमधल्या ओटू कंपनीच्या लाखो ग्राहकांचे मोबाइल इंटरनेट गेले. एरिक्सनच्या सॉफ्टवेअरमधले एक सर्टिफिकेट संपले होते, एवढेच कारण.

आम्ही लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचे सर्टिफिकेट वापरतो. सर्व्हरवर `certbot` नावाचा प्रोग्राम दिवसातून दोनदा उठतो, तारीख बघतो आणि तीस दिवस उरले की नवे सर्टिफिकेट मागतो. बहुतेक वेळा हे इतके बिनबोभाट होते की लोक विसरूनच जातात. पूर्वी ही संस्था मुदत जवळ आली की ईमेल पाठवायची. जून २०२५ पासून तो ईमेल बंद झाला. म्हणजे `certbot` ला नवे सर्टिफिकेट मिळाले नाही तर ते सर्व्हरवरच्या एका लॉग फाइलमध्ये लिहिले जाते आणि तिथेच पडून राहते.

म्हणून बाहेरून बघणारे कुणीतरी लागते. बाहेरून या शब्दावर माझा जोर आहे. सर्व्हरवरची फाइल बघून समाधान मानणे चुकीचे, कारण फाइल नवी झालेली असते आणि वेब सर्व्हर मात्र आठवणीतले जुनेच सर्टिफिकेट दाखवत बसलेला असतो. `nginx` ला रीलोड केल्याशिवाय तो नवी फाइल उचलत नाही. सर्टिफिकेट वेबरूट पद्धतीने घेतले असेल तर हे रीलोड आपणच जोडून द्यावे लागते. तेव्हा वाचकाच्या ब्राउझरला जे दिसते तेच तपासायचे. आमच्या विद्यार्थ्याने लिहिलेली तपासणी ही अशी आहे (नाव बदलले आहे):

```
openssl s_client -connect example.org:443 \
  -servername example.org </dev/null 2>/dev/null |
  openssl x509 -noout -checkend 1814400
```

शेवटचा आकडा म्हणजे एकवीस दिवसांचे सेकंद. त्या अवधीत मुदत संपणार असेल तर कमांड नापासाची खूण देते आणि आम्हा तिघांना संदेश जातो. एकवीसच का, हे मी त्याला विचारले होते. तो म्हणाला, "सर, तीस दिवस उरले की certbot प्रयत्न सुरू करतो. एखाद्या दिवशी नेटवर्क गेले, समोरची सेवा बंद असली, तर एक-दोन प्रयत्न फसणारच. त्यासाठी तुम्हाला सकाळी उठवण्यात अर्थ नाही. पण नऊ दिवस, म्हणजे सतरा-अठरा प्रयत्न फसले, तर काहीतरी खरेच बिघडले आहे." हे मला पटले. वर्गात एक दिवस गैरहजर मुलाच्या घरी कुणी फोन करत नाही.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतले ती गोष्ट. सर्टिफिकेटची पहाट-तपासणी आम्ही लावलीच होती. डीएनएसची तपासणी लावायची की नाही यावर आमच्यात जरा वाद होता. मॅडमचे म्हणणे, त्या नोंदी वर्षातून एकदा कुणी हात लावला तर लावतो, रोज कशाला बघायच्या? विद्यार्थ्याने तरी ती लावली. ती अगदी साधी आहे:

```
D=example.org
for t in NS A AAAA MX TXT CAA; do
  dig +short $t $D | sort | sed "s/^/$t /"
done > aaj.txt
diff manya.txt aaj.txt
```

`NS` म्हणजे या नावाचा तक्ता कुणाच्या ताब्यात आहे. `A` आणि `AAAA` म्हणजे मशीनचा पत्ता, जुन्या आणि नव्या पद्धतीचा. `MX` म्हणजे टपाल कुठे. `TXT` मध्ये ईमेलच्या खरेपणाच्या खुणा असतात. `CAA` म्हणजे आमच्या नावाचे सर्टिफिकेट कोणत्या संस्थेने द्यावे. रोज सकाळी सहाला ही यादी काढायची आणि मान्य केलेल्या यादीशी ताडून बघायची. मधला `sort` महत्त्वाचा आहे, कारण एका प्रश्नाची दोन-चार उत्तरे असतील तर ती दरवेळी वेगळ्या क्रमाने येतात, आणि क्रम बदलला म्हणून कुणी घाबरू नये.

एप्रिलच्या दहा तारखेला सकाळी या तपासणीने एक ओळ पाठवली. एक `AAAA` नोंद नव्याने आली होती. बाकी सगळे जसेच्या तसे. पहिला प्रश्न आम्ही ठरवल्याप्रमाणे विचारला: आपल्यापैकी कुणी बदलले का? तिघांचेही उत्तर नाही. मग मी घरच्या वायफायवर साइट उघडली. व्यवस्थित उघडली. मॅडमनी त्यांच्या मोबाइलवर, डेटा लावून उघडली, तर धोक्याची सूचना: सर्टिफिकेट दुसऱ्याच नावाचे आहे. एकच साइट, दोन फोन, दोन उत्तरे. असे दिसले की माणूस आधी स्वतःच्या फोनलाच दोष देतो.

कारण असे होते. इंटरनेटवर पत्त्यांच्या दोन पद्धती आहेत, जुनी आयपीव्ही४ आणि नवी आयपीव्ही६. आपल्याकडचे मोबाइल नेटवर्क, विशेषतः जिओ, मोठ्या प्रमाणात नव्या पद्धतीवर चालतात. माझ्या घरच्या केबलवाल्याचे ब्रॉडबँड अजून जुन्यावरच आहे. आमच्या सर्व्हरला फक्त जुन्या पद्धतीचा पत्ता होता, आणि तो बरोबर होता. नवी आलेली नोंद सांगत होती की नव्या पद्धतीने येणाऱ्यांनी भलत्याच मशीनवर जावे. ज्याच्याकडे दोन्ही रस्ते असतात तो फोन आधी नवा रस्ता धरतो. म्हणजे घरून बघणाऱ्या आम्हाला सगळे ठीक, आणि मोबाइलवरून बघणाऱ्या मुलांना भलतेच घर. आमचे जवळजवळ सगळे वाचक मोबाइलवरचे.

विद्यार्थ्याने दुपारच्या सुट्टीत हा बदल कुठून आला ते शोधले. डोमेनचा तक्ता ज्या कंपनीकडे आहे (नाव इथे नको) तिने आपले पॅनेल बदलले होते, आणि नव्या पॅनेलमध्ये सगळ्या ग्राहकांच्या नावांना आपल्या एका सामाईक मशीनचा आयपीव्ही६ पत्ता आपोआप जोडला होता. हेतू वाईट नव्हता. पण आमची साइट त्या कंपनीच्या मशीनवर नव्हतीच, आम्ही त्यांच्याकडे फक्त नाव ठेवले होते. पॅनेलमधून ती नोंद काढायला दोन मिनिटे लागली. मात्र त्या नोंदीची साठवण-मर्यादा १४४०० सेकंद होती, म्हणजे ज्या नेटवर्कने ते उत्तर आधीच घेऊन ठेवले होते ते चार तासांपर्यंत तेच देत राहणार. मॅडमच्या फोनवर संध्याकाळी साडेपाचला साइट नीट आली. मधल्या वेळात त्या दर अर्ध्या तासाने "अजून तसेच" असा निरोप पाठवत होत्या, आणि विद्यार्थी दरवेळी "मॅडम, चार तास" एवढेच लिहीत होता.

इथपर्यंत हे डीएनएसचे झाले. सर्टिफिकेटचा संबंध त्याने रात्री फोनवर समजावला, आणि तो ऐकून मॅडमनी वाद सोडला. आमच्या सर्टिफिकेटची मुदत १४ मेला संपणार होती. म्हणजे `certbot` १४ एप्रिलपासून नवे मागायला लागला असता. मागणी मान्य करण्यापूर्वी लेट्स एन्क्रिप्ट एक परीक्षा घेते: तुझ्या साइटवर ठरलेल्या जागी ही चिठ्ठी ठेव, मी येऊन वाचतो. ती जागा म्हणजे `/.well-known/acme-challenge/`. `certbot` चिठ्ठी आमच्या सर्व्हरवर ठेवतो. पण वाचायला येणारा, नावाला दोन्ही पत्ते असतील तर, आधी आयपीव्ही६ ने येतो. तो त्या भलत्या मशीनवर गेला असता, तिथे चिठ्ठी नाही, उत्तर ४०४, परीक्षा नापास. ते मशीन बंद असते तर त्याने जुन्या रस्त्याने पुन्हा प्रयत्न केला असता. पण ते चालू होते आणि ठामपणे "इथे असे काही नाही" म्हणत होते. तिथेच गोष्ट संपते, दुसरा रस्ता तो धरत नाही.

म्हणजे डीएनएस कुणी बघत नसते तर क्रम असा झाला असता: १४ एप्रिलपासून दिवसातून दोन नापास प्रयत्न, सगळे लॉगमध्ये. २३ एप्रिलला आमची एकवीस दिवसांची घंटा वाजली असती, पण ती फक्त एवढेच सांगते की नवे सर्टिफिकेट आलेले नाही. का, ते सांगत नाही. आम्ही तिघे जुन्या रस्त्याने साइट बघत "सगळे तर ठीक आहे" म्हणत बसलो असतो. लॉगमध्ये नीट पाहिले तर खूण मिळते. नापासाच्या ओळीत `Detail:` नंतर परीक्षक ज्या पत्त्यावर गेला तो पत्ता लिहिलेला असतो, आणि तो आपला नसेल तर प्रश्न सुटला. पण ती ओळ कुठे बघायची हे माहीत असावे लागते. आणि तोपर्यंत मोबाइलवाले वाचक तेरा दिवस भिंतीवर डोके आपटून गेलेले असतात.

नोंद काढल्यानंतर त्याने `certbot renew --dry-run` चालवले. ही रंगीत तालीम. खरे सर्टिफिकेट मिळत नाही, पण चिठ्ठीची परीक्षा होते. खरा प्रयत्न पुन्हा पुन्हा करून बघू नये, कारण थोड्या वेळात अनेकदा नापास झालात तर संस्था काही काळ तुमची मागणीच घेत नाही. तालीम पास झाली. १४ एप्रिलला खरे सर्टिफिकेट आले ते कुणाला कळलेही नाही.

त्या दिवशी आमच्या सर्टिफिकेट-तपासणीत एक भोक दिसले तेही सांगतो. `-checkend` फक्त तारीख बघते, सर्टिफिकेटवरचे नाव आपले आहे की नाही ते बघत नाही. आणि ती आमच्या तपासणी-मशीनवरून जुन्या रस्त्यानेच जात होती. आता ती दोन्ही रस्त्यांनी जाते (`s_client` ला `-4` आणि `-6` सांगता येते) आणि दुसऱ्या कमांडने नावही ताडते.

आता `manya.txt` या फाइलबद्दल. ही कालची यादी नाही, आम्ही मान्य केलेली यादी आहे, आणि ती फक्त हाताने बदलते. रोजची यादी उद्याची जुनी यादी झाली, तर घंटा एकदाच वाजते. ती नेमकी लग्नाच्या हॉलमध्ये असताना वाजली आणि कुणी पाहिली नाही, तर दुसऱ्या दिवसापासून बिघडलेली स्थिती हीच नेहमीची ठरते. आमच्याकडे घंटा रोज वाजत राहते, कुणीतरी एकतर नोंद पूर्ववत करेपर्यंत किंवा नवी नोंद मान्य करेपर्यंत. आपणच काही बदलणार असू तर आधी गटात एक ओळ लिहायची: आज टपालाची नोंद बदलतो आहे. मग सकाळची घंटा वाजली तरी कुणी दचकत नाही.

आणि तिघांपैकी कुणीच बदललेले नसेल तर ते चोरी समजूनच सुरुवात करायची. २२ जानेवारी २०१९ रोजी अमेरिकेच्या सायबर सुरक्षा संस्थेने, सीसाने, तिथल्या सरकारी कार्यालयांना तातडीचा आदेश काढला: दहा कामकाजी दिवसांत आपल्या सगळ्या डीएनएस नोंदी तपासा, खात्यांचे पासवर्ड बदला, दुहेरी ओळख लावा. झाले असे होते की हल्लेखोरांनी डीएनएस बदलण्याचा अधिकार असलेल्या खात्यांचे पासवर्ड मिळवले आणि नोंदी आपल्या मशीनकडे वळवल्या. पुढचा भाग जास्त वाईट होता. नाव आपल्या ताब्यात आले की चिठ्ठीची परीक्षा हल्लेखोरही पास होतो, म्हणून त्यांना त्या नावाची खरी, सहीशिक्क्याची सर्टिफिकेट मिळत होती. ब्राउझर काहीच सूचना देत नव्हता. म्हणून आमच्या यादीत एक पायरी आहे: न ओळखलेला बदल दिसला की `crt.sh` वर आपले नाव टाकून बघायचे. दिलेल्या सर्टिफिकेटांची जाहीर नोंदवही असते आणि ती तिथे शोधता येते. आपण न मागितलेले सर्टिफिकेट दिसले तर प्रश्न पॅनेलच्या अपडेटचा नाही.

पहारा कुठे बसवायचा याचेही दोन नियम त्याने घालून दिले. तपासणी त्याच सर्व्हरवर नको, कारण सर्व्हर बंद पडला की पहारेकरीही झोपतो. आमची तपासणी मॅडमच्या घरच्या जुन्या लॅपटॉपवर चालते. आणि सूचना त्याच डोमेनच्या ईमेलवर नको. `MX` नोंद बिघडल्याची खबर `MX` नोंदीवरूनच येणार असेल तर ती येणारच नाही. आमच्या सूचना तिघांच्या वेगवेगळ्या खात्यांवर जातात.

तरी काही गोष्टी या तपासणीला दिसत नाहीत. डीएनएस कुणालाही "तुझ्या सगळ्या उपनावांची यादी दे" म्हटले तर देत नाही, तेव्हा `www` असो की आणखी काही, प्रत्येक नाव आपणच यादीत लिहावे लागते. साइट एखाद्या सीडीएनच्या मागे असेल तर `A` नोंदी त्या कंपनीच्या मर्जीने बदलत राहतात. त्या बघण्यात अर्थ नाही, `NS` आणि `MX` बघाव्यात. `dig` ला उत्तर वेळेत मिळाले नाही तर सगळ्या नोंदी गायब झाल्यासारखे दिसते, म्हणून आमची तपासणी पाच मिनिटांनी दुसऱ्यांदा विचारते आणि मगच बोलते.

डोमेनच्या मुदतीचे मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहिले आहे. विद्यार्थी त्याला हसतो. तो `whois` मधली तारीख दर सोमवारी तपासतो. आठवणीचे ईमेल नोंदणीवाल्यांना पाठवावेच लागतात, पण ते ज्या पत्त्यावर जातात तो पत्ता जिवंत आहे का, हे पाहिले पाहिजे. आमचा एका बदली होऊन गेलेल्या सहकाऱ्याचा होता, तो आम्ही बदलून घेतला.

लॅपटॉप बंद पडला तर? त्यावर उपाय म्हणून दर शनिवारी सकाळी सगळे ठीक असले तरी एक संदेश येतो, "सगळे मान्य यादीप्रमाणे, सर्टिफिकेटचे इतके दिवस शिल्लक." तो आला नाही तर मी मॅडमना फोन करतो. आतापर्यंत दोनदा करावा लागला. एकदा वीज नव्हती, एकदा त्यांच्या मुलाने लॅपटॉपवर गेम टाकून तो रीस्टार्ट केला होता.

सध्या आमच्यात नवी चर्चा आहे ती एकवीसच्या आकड्याची. सर्टिफिकेट देणाऱ्या संस्था आणि ब्राउझर कंपन्यांच्या मंचाने २०२५ मध्ये ठरवले की सर्टिफिकेटची कमाल मुदत टप्प्याटप्प्याने कमी होणार: मार्च २०२६ पासून दोनशे दिवस, मार्च २०२७ पासून शंभर, आणि मार्च २०२९ पासून सत्तेचाळीस. सत्तेचाळीस दिवसांच्या सर्टिफिकेटचे नूतनीकरण साधारण पंधरा-सोळा दिवस उरले असताना सुरू होईल. तेव्हा आमची एकवीस दिवसांची घंटा दर वेळी विनाकारण वाजेल, आणि विनाकारण वाजणारी घंटा आठवडाभरात कुणी ना कुणी बंद करून टाकतो. विद्यार्थी म्हणतो, दहा दिवस करू. मॅडम म्हणतात, दिवस कशाला मोजायचे, एकूण मुदतीचा पाचवा हिस्सा उरला की वाजू दे, म्हणजे पुन्हा बदलायला नको. सत्तेचाळीसचा पाचवा हिस्सा नऊ दिवसांच्या जरा वर येतो. माझे मत मॅडमच्या बाजूने आहे, पण स्क्रिप्ट लिहिणार तो.